पादचारी सिग्नलचे ते १५ सेकंद नक्की कोण ठरवतं?

पायवाट

घराजवळच्या मोठ्या चौकात मुख्य रस्ता ओलांडायला पादचारी सिग्नल आहे. हिरवा माणूस लागतो, जेमतेम सात सेकंद टिकतो, मग उघडझाप करायला लागतो आणि शेजारी १५ पासून उलटे आकडे सुरू होतात. शून्य झालं की लाल माणूस.

आई ७४ वर्षांची आहे. काल तिच्याबरोबर मोबाइलवर वेळ लावून चाललो. या कडेपासून त्या कडेपर्यंत २१ सेकंद लागले. रस्ता पावलांनी मोजला तर १८ मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे १५ चा आकडा बघून निघालो, तर शून्य होईल तेव्हा ती रस्त्यातच असणार, पलीकडची कड अजून पाच मीटर लांब.

दोन प्रश्न आहेत. हे १५ आले कुठून? आणि दोन मिनिटांहून जास्त वेळ उभं करून शेवटी पदरात सातच सेकंद का टाकतात?

---

दुचाकीवाला

तुम्ही दोन मिनिटांचं काय घेऊन बसलात! माझ्या रोजच्या चौकात लाल आकडा १७० पासून सुरू होतो. गाडी बंद करतो, हेल्मेट काढतो, घाम पुसतो, हेल्मेट घालतो, तरी ९० शिल्लक असतात. एका वेळी एकच बाजू सुटते, बाकीच्या तिघांनी तोंडं बघत बसायचं. टायमरच काढून टाका, निदान आकडा बघून रक्तदाब तरी वाढणार नाही.

---

दीडशहाणा

सोपं आहे. मुख्य रस्त्याला गर्दी जास्त म्हणून त्याला वेळ जास्त. पादचाऱ्यांना जास्त दिला की गाड्या तुंबतात. उपाय एकच, सायकल टाइम, म्हणजे सिग्नलच्या एका पूर्ण फेरीचा वेळ वाढवायचा, की सगळ्यांच्याच वाट्याला जास्त येईल. १५० असेल तर १८० करा. प्रत्येक वेळी सिग्नल बदलताना वेळ वाया जातो, त्यामुळे जितके कमी वेळा बदलेल तितकं चांगलं.

---

स्टॉपलाइन

सिग्नलच्या वेळा बसवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पायवाट, तुमच्या १५ चं उत्तर तुमच्याच मापात आहे. १८ भागिले १.२. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून कुणीतरी रुंदीला भागलं आहे. हा आकडा जगभर फार वर्षं चालत आलाय. अमेरिकेच्या नियमपुस्तिकेने २००९ मध्ये तो साधारण १.०७ वर आणला, कारण १.२ हा धडधाकट माणसाचा वेग आहे. तुमच्या आईंचा वेग १८ भागिले २१, म्हणजे ०.८६. त्या काही फार हळू चालत नाहीत, त्यांच्या वयाला हा नेहमीचाच वेग आहे.

आता एक गैरसमज. उलटे आकडे ‘निघा’ असं सांगत नसतात. निघायची वेळ ते सात सेकंद. उघडझाप सुरू झाली की अर्थ असा, की जे रस्त्यात आहेत त्यांनी पार व्हावं, कडेवरच्यांनी थांबावं. हिरवा माणूस विझता विझता ज्याने पाऊल टाकलं त्याला पलीकडे पोचवण्यासाठी ते १५ आहेत. आई हिरवा माणूस लागल्याबरोबर निघाल्या तर त्यांच्या हातात २२ सेकंद असतात, त्यामुळे त्या कशाबशा पोचतात. चौथ्या-पाचव्या सेकंदाला निघाल्या तर नाही पोचत. तेव्हा तुमची तक्रार रास्तच आहे. त्या जागी १५ ऐवजी १८ हवेत, म्हणजे सेकंदाला एक मीटर. काही गावांत आकडे हिरव्या माणसापासूनच सुरू करतात. तिथे हिशेब हाच, फक्त आकडा दोन्हींच्या बेरजेचा दिसतो.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, पण त्यासाठी मला त्या चौकाचे आकडे लागतील. एका संध्याकाळी तासभर उभे राहाल का? कुठली बाजू किती सेकंद हिरवी असते आणि त्यात किती गाड्या जातात, एवढंच हवंय. दुचाकी अर्धी धरा, बस-ट्रक दोन-तीन गाड्यांइतके.

---

आज्जीबाई_जोरात

मी ६८. मी उघडझाप होत असताना कधीच निघत नाही. पण त्या सात सेकंदांचं सांगते. हिरवा माणूस लागल्यावर पहिले दोन-तीन सेकंद डावीकडे वळणाऱ्या गाड्याच थांबत नाहीत. त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन मग पाय टाकायचा. म्हणजे सातातले तीन त्यांनी खाल्ले. हे तुमच्या हिशेबात आहे का?

---

स्टॉपलाइन

आज्जी, साध्या हिशेबात नाही. चांगल्या आखणीत मात्र त्याला जागा असते. पादचाऱ्यांना गाड्यांच्या तीन ते सात सेकंद आधी सोडतात. बाजूच्या गाड्यांना अजून लाल असतो, तेवढ्यात माणसं झेब्र्याच्या मध्यापर्यंत गेलेली असतात. मध्यावर दिसणाऱ्या माणसासाठी ड्रायव्हर थांबतो, कडेवरच्यासाठी थांबेलच असं नाही. पण ते तीन सेकंद बाजूच्या गाड्यांच्या वाट्यातून जातात, म्हणून कागदावर कुणी चटकन मान्य करत नाही.

---

पायवाट

उभा राहिलो. काल संध्याकाळी सहा ते सात, चहाच्या थर्मासह. शेजारच्या दुकानदाराला वाटलं मी कुठल्यातरी सर्व्हेचा माणूस आहे.

पूर्ण फेरी १५० सेकंदांची. मुख्य रस्ता दोन्ही बाजूंनी सरळ जाणारा: हिरवा ७५. मग मुख्य रस्त्यावरून उजवीकडे वळणारे, त्यांना वेगळा बाण: २०. मग बाजूचा रस्ता, दोन्हीकडून एकदम: ४०. प्रत्येकानंतर ३ सेकंद पिवळा आणि साधारण २ सेकंद सगळीकडेच लाल.

तासातल्या गाड्या, तुम्ही सांगितलेल्या वजनाने: मुख्य रस्त्याच्या जड बाजूने सरळ ९००, दोन लेनमधून. हलक्या बाजूने ७५६. उजवीकडे वळणारे जास्तीत जास्त १८०, त्यांची एक लेन वेगळी. बाजूच्या रस्त्यावर एकीकडून २७०, दुसरीकडून २१६, एकेक लेन.

आणि एक गंमत दिसली. ती सगळ्यात शेवटी सांगतो, आधी हिशेब होऊ दे.

---

स्टॉपलाइन

झकास. एवढं कुणी करत नाही.

आधी एक गोष्ट तपासायला हवी. हिरवा संपताना रांग उरत होती का? रांग उरत असेल तर तुम्ही मोजल्या त्या गेलेल्या गाड्या. आलेल्या त्याहून जास्त असणार, आणि मग सगळा हिशेब फसवा ठरतो. अर्धे सर्व्हे इथेच चुकतात.

---

पायवाट

नाही उरत. मुख्य रस्त्याची रांग हिरवा लागल्यापासून तिसाव्या सेकंदाच्या आत संपते. पुढची ४५ सेकंद एखादी इकडे, एखादी तिकडे, अशा गाड्या येतात.

---

स्टॉपलाइन

मग मोजणी वापरता येईल. आणि ती ४५ सेकंदं लक्षात ठेवा.

रांगेतल्या गाड्या एकदा चालायला लागल्या की एका लेनमधून दर दोन सेकंदांना एक गाडी स्टॉप लाइन ओलांडते. पहिल्या तीन-चार जराशा रेंगाळतात, पुढे ताल धरतात. म्हणजे लेन तासभर अखंड हिरवी राहिली तर १८०० गाड्या. तुमच्याकडे घड्याळ आहेच, रांगेतली चौथी ते दहावी गाडी मोजून बघा, बारा सेकंदांच्या आसपास यायला हवी. रस्ता खराब असेल किंवा कडेला रिक्षा उभ्या असतील तर जास्त.

आता फेज म्हणजे एका वेळी एकत्र सुटणाऱ्या बाजू. प्रत्येक फेजमधली सगळ्यात जड बाजू घ्यायची, हलकी तिच्याबरोबर आपोआप निघते. सरळ जाणाऱ्या ९००, दोन लेनची ताकद ३६००, म्हणजे भार ०.२५. उजव्या वळणाच्या १८० ला १८००, म्हणजे ०.१०. बाजूचा रस्ता २७० ला १८००, म्हणजे ०.१५. बेरीज ०.५०. म्हणजे तासातला निम्मा वेळ खरोखर हिरवा असला तरी या गाड्या निघतील. बदलताना प्रत्येक फेजमागे पाच सेकंद वाया जातात, तीन फेजचे १५.

ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतल्या वेबस्टरने १९५८ साली दिलेलं सूत्र आजही पहिल्या अंदाजाला वापरतात:

फेरी = (१.५ × वाया वेळ + ५) ÷ (१ − भारांची बेरीज)

तुमच्या चौकाला लावा. वर २७.५, खाली ०.५. उत्तर ५५ सेकंद.

पंचावन्न! आणि तिथे चालू आहे १५०.

---

दीडशहाणा

हे पुस्तकी झालं. ५५ मध्ये १५ सेकंद वाया म्हणजे सत्तावीस टक्के. १५० मध्ये तेच १५ म्हणजे फक्त दहा टक्के. माझा मुद्दा हाच होता.

---

स्टॉपलाइन

टक्केवारी बरोबर आहे, निष्कर्ष अर्धा बरोबर. ज्या चौकात हिरवा संपेपर्यंत रांग वाहत असते तिथे फेरी वाढवली की खरंच जास्त गाड्या निघतात. पण तोही फायदा पातळ होत जातो. ७५ ला २० टक्के वाया, १५० ला १०, १८० ला ८.३. शेवटच्या तीस सेकंदांनी पावणेदोन टक्के मिळाले आणि उभा राहणाऱ्या प्रत्येकाची वाट वाढली. शिवाय लाल जितका लांब तितकी रांग लांब. ती मागे जाऊन उजव्या वळणाच्या लेनचं तोंड बंद करते, मग बाण हिरवा असून त्या लेनमध्ये गाडीच नसते.

पायवाट यांच्या चौकात तर रांग तिसाव्या सेकंदाला संपते. वाचवलेला वेळ पुढच्या ४५ सेकंदांत रिकाम्या डांबरावर ओतला जातोय.

---

दुचाकीवाला

माझ्या १७० चं पण सांगा ना. एकेक बाजू सुटण्याचं.

---

स्टॉपलाइन

पायवाट यांच्याच गाड्या घेऊन सांगतो. चारही बाजू एकेकट्या सोडल्या तर भार होतात ०.२५, ०.२१, ०.१५, ०.१२. बेरीज ०.७३. चार वेळा बदल, म्हणून २० सेकंद वाया. सूत्रात घाला, १३० येतात. गाड्या त्याच, रस्ता तोच, पण ५५ चे १३० झाले, कारण समोरासमोरच्या बाजू एकत्र जाऊ शकत होत्या त्यांना वेगळं केलं. तुमच्या चौकात भार थोडा जास्त असेल, १७० चा आकडा दिसणं काही अवघड नाही.

असं का करतात? उजवीकडे वळणारे आणि सरळ जाणारे एकाच लेनमध्ये असतील, किंवा वळणारेच फार असतील, तर दुसरा मार्ग नसतो. पण बरेचदा कारण एवढंच की असं सोडलं की भांडणं होत नाहीत आणि आखायला डोकं लागत नाही.

पादचाऱ्याचे तर यात हालच होतात. कुठलीही बाजू सुटली तरी त्यातलं कुणीतरी तुमच्या झेब्र्यावर वळतंच. निर्धोक वेळ अशी उरतच नाही. मधे दुभाजकावर थांबायला जागा असेल तर निम्मा रस्ता तरी शांतपणे जमतो.

---

वायरमन

टायमरवर थोडं, कारण मी ती पेटी उघडलेली आहे.

बऱ्याच ठिकाणी आकड्यांचा डबा सिग्नल चालवणाऱ्या कंट्रोलरला काही विचारत नाही. तो फक्त दिव्याच्या तारेला जोडलेला असतो. मागच्या फेरीत दिवा किती वेळ लागला ते लक्षात ठेवतो आणि या फेरीत तेवढ्यापासून उलटा मोजतो. म्हणून सकाळचा प्लॅन बदलून दुपारचा लागला की पहिल्या फेरीला आकडा खोटा. कधी ९ वर असतानाच दिवा बदलतो, कधी शून्य होऊन बसतो आणि दिवा तसाच. लोक म्हणतात टायमर बिघडला. ठरावीक वेळेला, एकाच फेरीपुरतं होत असेल तर बिघाड नाही, प्लॅन बदललाय. दिवसभर होत असेल तर मग बोलवा आम्हाला.

आणि जिथे जमिनीत किंवा खांबावर सेन्सर आहेत तिथे गाड्यांचा हिरवा किती चालेल हे कंट्रोलरलाही आधी माहीत नसतं. गाडी येत राहिली तर वाढवतो, खंड पडला तर तोडतो. अशा ठिकाणी गाड्यांसाठी आकडे लावायचा हट्ट धरला की एक तर आकडे उड्या मारतात, नाहीतर सेन्सर बंद करून सिग्नल ठरावीक वेळेवर टाकतात. दुसरं मी स्वतः बघितलंय.

---

स्टॉपलाइन

वायरमन यांनी नेमकं सांगितलं. पादचाऱ्यांच्या उघडझापेचं तसं नाही. ती एकदा सुरू झाली की रुंदी भागिले वेग एवढीच चालणार, गाडी येवो न येवो. म्हणून तिथला आकडा खरा ठेवता येतो. गाड्यांच्या हिरव्यावरच्या आकड्याबद्दल मी साशंक आहे. शेवटच्या तीन सेकंदांत ब्रेक मारणारा आणि पाय दाबणारा एकामागोमाग असतात.

---

दुचाकीवाला

लाल आकडा ३ झाला की सगळे निघतातच, हे मात्र कबूल.

---

निवांत_नाना

मला हे १५० विरुद्ध ५५ पटत नाही. ५५ मध्ये बाजूच्या रस्त्याला किती मिळतील? आणि तेवढ्यात माणूस १८ मीटर जाईल कसा? मी इंजिनिअर नाही, पण काहीतरी चुकतंय.

---

स्टॉपलाइन

नाना, नेमकी खोच काढलीत.

५५ मधून १५ वजा, उरले ४०. भाराप्रमाणे वाटा: सरळला २०, उजव्या बाणाला ८, बाजूच्या रस्त्याला १२. गाड्यांना पुरेसे. पण माणूस मुख्य रस्ता ओलांडतो तो बाजूचा रस्ता हिरवा असताना, कारण तेव्हाच मुख्य रस्ता थांबलेला असतो. त्याला हवेत निघायचे ७ आणि पार व्हायचे १८, म्हणजे २५. बाराच्या दुप्पट.

म्हणजे बाजूच्या रस्त्याचा हिरवा किती, हे तिथल्या गाड्या ठरवत नाहीत. मुख्य रस्त्याची रुंदी आणि चालणाऱ्याचा वेग ठरवतो. मुख्य रस्त्यावरचे लोक बघतात की बाजूला हिरवा आहे पण गाडीच येत नाही, आणि सिग्नलवाल्यांना शिव्या देतात. तो रिकामा हिरवा पादचाऱ्यांचा असतो.

आता बाजूला २५ पक्के धरून बाकीचं बसवा. फेरी ७५ घेतली तर १५ वाया, २५ बाजूला, उरले ३५. सरळला २५, उजव्याला १०. सरळ रस्ता आपल्या हिरव्याचा पाऊण भाग वापरेल, उजवा बाणही तेवढाच. एखाद्या फेरीला गाड्या जास्त आल्या तरी पाव भाग हाताशी आहे. बाजूचा रस्ता निम्म्याहून कमी वापरेल, ते वर आलंच.

पादचाऱ्याला काय मिळालं? आज १५० मधले ७ सेकंद निघायचे, म्हणजे अवेळी पोचलेला माणूस १४३ सेकंदांपर्यंत उभा, सरासरी ६८. फेरी ७५ ची केली तर जास्तीत जास्त ६८, सरासरी ३१. तीस सेकंदांच्या पुढे लोकांचा धीर सुटायला लागतो आणि फट बघून शिरतात. बेशिस्त म्हणून ज्याला नावं ठेवतो त्यातला बराच भाग या आकड्यात आहे.

---

दीडशहाणा

मग सरळ सगळ्या गाड्या थांबवून चारी बाजूंनी, तिरपेसुद्धा, माणसं सोडा. जपानमध्ये करतात ना, टोकियोत शिबुयाला.

---

स्टॉपलाइन

करतात, आणि त्याआधी अमेरिकेत डेन्व्हरमध्ये तिथले वाहतूक अभियंते हेन्री बार्न्स यांनी करून दाखवलं होतं. पण तिरपं अंतर लांब असतं. या चौकात २४ मीटर धरलं तरी ७ अधिक २४, म्हणजे ३१ सेकंद फक्त माणसांचे, वर बदलायचा वेळ. फेरी दोन मिनिटांच्या घरात जाते. माणसांचे लोंढे असतील तिथे ते शोभतं. नसतील तिथे पादचाऱ्याचीच वाट वाढते, आणि लाल बघून तो नेहमीसारखा बाजूच्या हिरव्यातच जातो.

---

पायवाट

आता ती गंमत सांगतो. तुम्ही म्हणता बाजूच्या रस्त्याला २५ लागतात. आज तिथे ४० आहेत! त्यात हिरवा माणूस ७, उघडझाप १५, आणि मग लाल माणूस १८ सेकंद. बाजूच्या गाड्यांना तेव्हा हिरवाच असतो आणि मुख्य रस्ता सगळा थांबलेला. आई कडेवर उभी, समोर रिकामा रस्ता, आणि लाल माणूस.

---

स्टॉपलाइन

हे तुम्ही आधी सांगितलं असतंत तर माझा निम्मा प्रतिसाद वाचला असता!

कंट्रोलरमध्ये पादचाऱ्याला किमान वेळ टाकली आहे आणि ती किमानच वाजते आहे. बाजूचा हिरवा ४० असेल तर शेवटचे १८ पार व्हायला ठेवा आणि आधीचे २२ सगळे निघायला द्या. हिरवा माणूस २२, उघडझाप १८, आणि त्यानंतरचे पिवळ्याचे-लालचे पाच सेकंद हाताशी. फेरी १५० चीच राहिली तरी सरासरी वाट ६८ वरून ५५ वर येते आणि सरळ जाणाऱ्या कुठल्याही गाडीचा एक सेकंद जात नाही. दोन आकडे बदलायचे आहेत.

---

वायरमन

थांबा, थांबा. ते १८ सेकंद मुद्दाम ठेवलेले असू शकतात. बाजूच्या रस्त्यावरून डावीकडे वळणाऱ्यांना झेब्र्यावर माणसं असताना जाताच येत नाही. लेन एकच असेल तर पहिलाच वळणारा अडला की मागचे सरळ जाणारेही अडतात. म्हणून शेवटचा वेळ माणसं थांबवून त्यांना मोकळा देतात.

---

स्टॉपलाइन

शक्य आहे, आणि माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं. पायवाट, डावीकडे वळणारे किती?

आणखी एक. पुढच्या चौकाची फेरी किती ते बघा. १५० असेल तर हा चौक त्याच्याशी जुळवून ठेवलाय, पलीकडून सुटलेला घोळका इथे हिरव्यात यावा म्हणून. तसं असेल तर इथे एकट्याला ५५ किंवा ६५ करता येणार नाही. ७५ मात्र येईल, कारण ते बरोबर निम्मं आहे. पलीकडची एक फेरी होईस्तोवर इथे दोन होतील.

---

पायवाट

पुढचा चौक १५०. पाच फेऱ्या मोजल्या, एका सेकंदाचाही फरक नाही.

लाल माणसाच्या १८ सेकंदांसाठी पुन्हा उभा राहिलो, दहा फेऱ्या. डावीकडे वळलेल्या गाड्या ४४. आणि लाल माणूस असताना तरीही रस्ता ओलांडलेली माणसं ३१.

---

आज्जीबाई_जोरात

मग वळणाऱ्यांना मोकळा रस्ता कुठे मिळतोय? माणसं आहेतच झेब्र्यावर. फरक इतकाच की लाल असल्यामुळे ड्रायव्हर हॉर्न मारतो आणि चूक आपली ठरते.

---

वायरमन

आज्जी, फेरीला चार-साडेचार गाड्या वळतात आणि तीन माणसं जातात. हिरवा केलात तर तीनाची दहा होतील आणि वळणारी गाडी शेवटपर्यंत अडेल. मागचा बसवाला मग पिवळ्यात घुसतो. माझं मत, निम्मं करा. हिरवा माणूस १४ करा, उघडझाप १८, शेवटचे आठ गाड्यांना.

---

स्टॉपलाइन

मी अजून २२ च्या बाजूने आहे. बाजूच्या रस्त्याचा भार इतका हलका आहे की फेरीला दोन गाड्या मागे राहिल्या तरी पुढच्या फेरीत निघतील. पण वायरमन यांचे १४ आजच्या सातांच्या दुप्पट आहेत, तेवढेही झाले तरी मी तक्रार करणार नाही. उघडझाप १५ ची १८ करण्याबद्दल मात्र वाद नको. वळणाऱ्यांशी त्याचा संबंध नाही, ती रुंदी आणि वेगाची गोष्ट आहे. अर्ज लिहिताना ती मागणी वेगळ्या परिच्छेदात लिहा, नाहीतर वळणाऱ्यांच्या वादात तीही अडकेल. रुंदी पावलांनी मोजलेली लिहू नका, टेपने कडेपासून कडेपर्यंत मोजा. १८ ची १९.५ निघाली तर दीड सेकंद आणखी हवेत.

---

पायवाट

टेप घेऊन रविवारी पहाटे जातो. तेव्हा सिग्नल नुसता पिवळा लुकलुकत असतो.